फोटोत डाग दिसतो, बधिरपणा दिसत नाही

प्रश्न: मी पुण्यात फार्मासिस्ट आहे. चोपड्याजवळच्या गावात शेती करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर हाताच्या डागाचा फोटो पाठवलाय. कोपराच्या खाली, साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढा, फिकट डाग. सहा-सात महिने झाले, खाजत नाही, दुखत नाही म्हणतो. "एखादी चांगली ट्यूब सांग, दवाखान्याचा खेटा वाचेल," असा आग्रह आहे. मला ते गजकर्ण वाटत नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं तर मी टाळतोय असं त्याला वाटेल, आणि उगाच घाबरवायचंही नाही. काय उत्तर देऊ?

उत्तर:

मित्राने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्याला दिलासा देणाऱ्या वाटत असणार. खाजत नाही आणि दुखत नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जळगाव-धुळे भागात बरीच वर्षं रुग्ण तपासतेय, आणि माझं लक्ष नेमकं याच दोन वाक्यांवर थांबलं. आमच्याकडे ओपीडीत हे अहिराणीत रोज ऐकू येतं, "दुखस नही, खाजस नही, मंग कसाले दवाखानामा जाऊ?" गजकर्ण असतं तर त्याने रात्री खाजवून खाजवून हैराण होऊन फोटो पाठवला असता. काही महिने जागेवर बसलेला, न खाजणारा फिकट डाग पाहिला की एक गोष्ट आधी तपासावी लागते: त्या जागी स्पर्श कळतो का? फोटो कितीही स्वच्छ असला तरी याचं उत्तर त्यात नसतं.

मला कुष्ठरोगाची शंका घ्यावीशी वाटते. शंका म्हणतेय, निदान नाही. असे डाग बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचे निघतात. लहान मुलांच्या गालावर फिकट, किंचित कोंडा असलेले चट्टे येतात आणि घरचे त्याला जंत नाहीतर कॅल्शियमची कमतरता म्हणतात, प्रत्यक्षात ती कोरड्या त्वचेची साधी तक्रार असते. छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत शिबं उठतात, नखाने खरवडलं की बारीक भुसा निघतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो आणि तिथे स्पर्श पूर्ण कळतो. जन्मापासून असलेली फिकट खूण वयाबरोबर तेवढ्या प्रमाणात वाढते, बाकी काही करत नाही. जुन्या जखमेचा किंवा भाजल्याचा डागही फिकट राहतो. म्हणून डाग कधीपासून आहे, कुठे आहे, एकच आहे की पाठीवर आणखी आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. यातलं निम्मं मित्राला स्वतःलाही माहीत नसेल, कारण स्वतःची पाठ कोण बघतं?

तरीही कुष्ठरोगाचं नाव मी आधी घेते, कारण बाकीच्या शक्यतांमध्ये दोन महिने उशीर झाला तर फार काही बिघडत नाही. इथे बिघडतं. खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, हा आजार आजही सापडतो. देशपातळीवर २००५ च्या अखेरीस दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण असा टप्पा गाठला गेला, त्यामुळे 'कुष्ठरोग संपला' असा समज पसरला. तो संपलेला नाही.

स्पर्शाचं काय होतं ते थोडं सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला मित्राला समजावता येईल. या आजाराचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. तो अतिशय सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून पहिला डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. शरीराच्या थंड भागात तो रमतो: कानाची पाळी, चेहरा, हातपाय. आणि त्याचं आवडतं घर म्हणजे नसांवरचं आवरण. शरीर त्याच्याशी झुंजतं तेव्हा जी सूज येते, त्यात नसच चिरडली जाते. बारीक धागे आधी जातात, त्यामुळे गरम-गार कळणं सगळ्यांत आधी कमी होतं. मग हलका स्पर्श आणि टोचणं कळेनासं होतं. घामाच्या ग्रंथींना जाणारे धागेही मरतात.

यातून एक खूण मिळते, ती शेतकरी माणसाला लगेच पटते. भर दुपारी रानातून आलेल्या माणसाचा हात घामाने निथळत असतो आणि डागाची जागा तेवढी कोरडी, थोडी खरखरीत राहते. तिथली लवही विरळ झालेली असते. मित्राला विचारा की घाम आल्यावर तो डाग ओला होतो का. त्याने याकडे लक्ष दिलं नसेल, पण एकदा पाहिलं की त्याला स्वतःलाच कळेल.

आता फोटोबद्दल. तुम्ही कदाचित म्हणाल, आणखी चांगला फोटो मागवतो. जरूर मागवा, पण त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवून. आपल्या सावळ्या कातडीवर लालसरपणा तपकिरी दिसतो. ट्यूबलाइटखाली फिकट डाग जवळजवळ नाहीसा होतो आणि कडक उन्हात कोडासारखा पांढरा दिसतो. फोनचा कॅमेरा कातडी आपोआप गुळगुळीत करतो, म्हणजे कडेचा कोंडा, जो आम्हाला गजकर्ण ओळखायला लागतो, तोच पुसला जातो. वर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. माझ्याकडे फोटो येतात तेव्हा मी त्यावरून एकच गोष्ट ठरवते: या माणसाला किती लवकर बोलवायचं. औषध त्यावरून ठरवत नाही.

आम्ही तपासतो कसं, तेही सांगते, कारण 'डॉक्टर काय वेगळं करणार?' हा मित्राचा पुढचा प्रश्न असेल. रुग्णाला दिवसाच्या उजेडात, शक्य तेवढे कपडे काढून, पूर्ण पाहतो. बायका असतील तर आडोसा आणि सोबत बाई असते. मग बॉलपेनचं टोक किंवा कापसाचा पीळ डागाबाहेरच्या चांगल्या कातडीवर अगदी हलका टेकवतो आणि विचारतो, "इथे कळलं?" आधी डोळे उघडे ठेवून हे काय चाललंय ते समजावतो. मग डोळे मिटायला सांगतो आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगतो. कधी डागावर, कधी बाहेर, मधूनच काहीच न टेकवता. बधिर डाग असेल तर बोट चुकतं, किंवा रुग्ण शांत बसून राहतो, त्याला वाटतं डॉक्टरांनी अजून हातच लावला नाही. नंतर नसा चाचपतो. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे आपटल्यावर झिणझिण्या येतात ती नस, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला खाली, घोट्यामागे, मानेच्या बाजूला. जाड झालेली नस दोरीसारखी बोटाखाली सरकते. मित्राचा डाग कोपराच्या खाली आहे, म्हणून ती कोपराची नस तपासणं मला फार महत्त्वाचं वाटतं. गरज पडली तर कानाच्या पाळीतून द्रव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, किंवा कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवतो.

ही पेनची चाचणी घरी करावी का? करायला हरकत नाही, फक्त तिचा अर्थ एकाच बाजूने घ्या. स्पर्श स्पष्टपणे कळत नसेल तर त्याच आठवड्यात दवाखाना. स्पर्श कळतोय असं वाटलं तर त्यावरून सुटका झाली असं समजू नका. घरचा माणूस पेन जोरात दाबतो, दाब खोल जातो आणि तो कळतो. सुरुवातीच्या डागात बधिरपणा अर्धवट असतो. चेहऱ्यावर तर नसांचं जाळं इतकं दाट असतं की आजार असूनही स्पर्श टिकून राहतो. आणि सुई, आगपेटीची काडी, गरम उलथणं असले प्रयोग अजिबात नकोत. बधिर जागेवर भाजलेलं कळत नाही, मग जखम होते आणि ती चिघळते.

ट्यूबचा मुद्दा तुम्ही फार्मासिस्ट असल्याने तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल. मित्र 'चांगली ट्यूब' म्हणतो तेव्हा गावातल्या दुकानात त्याच्या हातात काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे: तगडं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. २०१८ मध्ये तीव्र स्टिरॉइडच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही असा नियम आला, तरी ती सर्रास मिळतात. डाग कुष्ठरोगाचा असेल तर स्टिरॉइडने त्याचा लालसरपणा आणि उभारलेली कड बसते. डाग 'उतरला' असं वाटतं आणि माणूस आणखी चार महिने तेच लावत राहतो. आतली नस तशीच. वर स्टिरॉइड स्वतः कातडी पातळ आणि फिकट करतं, म्हणजे नंतर आमच्यापुढे येतो तो कडा विरघळलेला, कशाचा आहे हे ओळखू न येणारा डाग. गजकर्ण असेल तर तेही वरून शांत होऊन आत पसरतं. म्हणजे फोटोवरून ट्यूब सांगून फायदा कुठल्याच बाजूने नाही, मग निदान काहीही असो.

एक रुग्ण सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. यावल तालुक्यातला, केळीच्या बागेत काम करणारा, तिशीतला माणूस. मनगटाच्या वर करंगळीच्या बाजूला फिकट डाग. कोणीतरी फोटो पाहून गजकर्ण म्हटलं आणि ट्यूब सुरू झाली. तीन-चार ट्यूबा संपल्या, डाग कधी कमी वाटायचा, कधी पुन्हा दिसायचा. तो माझ्याकडे आला तो डागासाठी नव्हेच. भरताची वांगी भाजताना काड्यांचा निखारा हाताच्या कडेला लागला, फोड आला, आणि ते त्याला बायकोने दाखवल्यावर कळलं. तपासलं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित वाकलेलं. ती दोन बोटं सरळ करून मिटवायला सांगून मधे कागद धरायला दिला, तर मी हलकेच ओढल्यावर कागद निसटला. कोपराची नस जाड आणि दाबल्यावर दुखणारी. बोटांची ताकद गेल्याला त्याच्या आठवणीप्रमाणे दोन-तीन महिने झाले होते.

ते दोन-तीन महिने त्याच्या कामी आले. नसेची इजा साधारण सहा महिन्यांच्या आतली असेल तर तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा डॉक्टरांनी ठरवलेला, हळूहळू कमी करत नेलेला कोर्स आणि व्यायाम यांनी ती बरीच भरून येऊ शकते. त्यापलीकडे गेली की शक्यता झपाट्याने कमी होते. (मलमातलं स्टिरॉइड आणि हे स्टिरॉइड यात गोंधळ करू नका. मलम नसेपर्यंत पोचत नाही, आणि या गोळ्या मूळ आजाराच्या औषधांसोबत, देखरेखीखालीच द्यायच्या असतात.) या माणसाची पकड पुष्कळशी परत आली. हाताच्या कडेचा बधिरपणा राहिला. तो आता चुलीजवळ जाड कापड वापरतो आणि रात्री झोपण्यापूर्वी हात पाहून घेतो. वर्षभर उशिरा आला असता तर बोटं कायमची वाकली असती, कारण जंतू मारणाऱ्या औषधाने मेलेली नस जिवंत होत नाही.

उपचार लोकांना वाटतात त्यापेक्षा खूप साधे आहेत. पाचपर्यंत डाग असतील आणि जंतू सापडत नसतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने गोळ्या. सरकारी यंत्रणेत फुकट मिळतात. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, बाकीच्या गोळ्या रोज घरी. पहिल्या डोसच्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, रिफाम्पिसिनचा रंग असतो. दुसऱ्या एका गोळीने कातडी काळवंडते, ती औषध थांबल्यावर हळूहळू पूर्ववत होते. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी, कावीळ किंवा रक्त कमी असल्याचा इतिहास असेल तर तो सुरुवातीलाच सांगायचा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका उरत नाही. घर वेगळं करायचं नाही, ताटवाटी वेगळी करायची नाही, काम सोडायचं नाही.

कुठे पाठवायचं? मित्राच्या गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा थेट जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग, ज्याला सगळे अजून सिव्हिल म्हणतात. खाजगी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला तरी चालेल. कुठेही गेला तरी त्याला एक वाक्य शिकवून ठेवा: "डॉक्टर, इथे स्पर्श कळतो का ते तपासा." गर्दीच्या ओपीडीत डाग लांबून पाहून चिठ्ठी लिहिली जाऊ शकते, आणि या एका वाक्याने हात टेबलावर येतो. ट्यूब लावत असेल तर तीही सोबत न्यायची, रिकामी असली तरी. आणि तपासणीपर्यंत काही लावायचं नाही, खोबरेल तेलसुद्धा त्या दिवशी सकाळी नको, कोंडा झाकला जातो.

वाट न पाहता एक-दोन दिवसांत गाठायची परिस्थिती वेगळी आहे. डाग अचानक लाल होऊन सुजला, हाताच्या कडेला किंवा पायाला मुंग्या-वेदना सुरू झाल्या, बोटं उचलता येईनात, चालताना पाऊल घसटायला लागलं, डोळा पूर्ण मिटेना, तर ती नसेवरची ताजी सूज असते आणि तिथे दिवस मोजावे लागतात. मित्राला हे आजच विचारा.

उरला तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, सांगायचं कसं. रोगाचं नाव पहिल्याच मेसेजमध्ये घालू नका. तपासणी झालेली नाही, आणि तो फोन घरात कोण कोण बघतं हे आपल्याला माहीत नसतं. पण त्याने सरळ विचारलं तर खोटंही बोलू नका. 'काही नाही रे, साधं आहे' असं एकदा म्हटलंत की तो जाणार नाही. शक्यतो आधी फोन करा, मग लेखी पाठवा. मी असं काहीतरी लिहीन:

"भो, फोटो नीट पाहिला. टाळत नाहीये, उलट ट्यूब सांगितली असती तर टाळल्यासारखं झालं असतं. हा डाग कशाचा आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही, तिथे स्पर्श कळतो का आणि कोपराची नस कशी आहे ते बघावं लागतं. ते फोटोत येत नाही. बहुतेक साधंच निघेल. आणि समजा दुसरं काही निघालं तर आत्ता गोळ्यांनी पूर्ण बरं होतं, नंतर हाताची ताकद जाते. मंगळवारच्या आत जाऊन ये. जाशील तेव्हा डॉक्टरांना म्हण, इथे स्पर्श तपासा. तोवर काही लावू नकोस. करंगळीत मुंग्या किंवा बोट वाकल्यासारखं वाटतंय का ते मला आज सांग. डॉक्टरकडून निघाल्यावर फोन कर, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आपण सोबत वाचू."

यातली तारीख महत्त्वाची आहे, 'जमेल तेव्हा जा' म्हटलं की कापूस वेचून होईपर्यंत कोणी जात नाही. चिठ्ठी सोबत वाचण्याचं आश्वासनही मनापासून द्या. टाळल्याची त्याची शंका त्यानेच जाईल, आणि फार्मासिस्ट म्हणून तुम्ही खरी मदत तिथेच करू शकता: गोळ्या कशा घ्यायच्या, काय होऊ शकतं, मधेच का सोडायच्या नाहीत.

त्याने थेट विचारलंच, "कुष्ठरोग तर नाही ना?" तर म्हणा की ती एक शक्यता आहे आणि म्हणूनच तपासायचं आहे. पुढचा प्रश्न लग्न, जमीन, भावकीचा असेल, खानदेशात तो असतोच. त्याला सांगा की हा आजार आनुवंशिक नाही, बहुसंख्य लोकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते, आणि कुष्ठरोग या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकली आहे. निदान झालंच तर घरच्यांचीही एकदा तपासणी होते आणि त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला जातो. ही तपासणी गावभर न सांगता करता येते, आरोग्य केंद्रात तसं आधी बोलून ठेवा.

डाग साधा निघाला तरी मला कळवा, आणि तपासणीत स्पर्श कळत नाही असं लिहिलेलं असेल तर चिठ्ठी पाहिल्यावर पुढचं लगेच सांगेन.